विरळ दाढीत कात्री दाट जागी लागते : एका नवरदेवाचे 91 दिवस

तुळशीची लग्नं आटोपली की आमच्या साताऱ्यातल्या दुकानात नवरदेव यायला लागतात. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात असाच एक 24 वर्षांचा मुलगा आला. लग्न फेब्रुवारीत होतं, बरोबर 13 आठवड्यांवर. खुर्चीत बसल्याबसल्या त्याने मोबाईलवर साखरपुड्याचे फोटो उघडले आणि एक फोटो बोटांनी मोठा करून माझ्यासमोर धरला. "दादा, हे बघा. गालावर उंदराने कुरतडल्यासारखं दिसतंय."

फोटो फ्लॅशमध्ये काढलेला होता. हनुवटी काळीभोर, मिशी चांगली, पण डाव्या जबड्यावर रुपयाच्या नाण्याएवढी जागा मोकळी आणि गालांच्या वरच्या भागात केस इतके पातळ की खालची कातडी चमकत होती. मिशी आणि हनुवटीची दाढी दोन्ही बाजूंना जुळत नव्हती. ओठाच्या कोपऱ्याखाली बोटभर रस्ता कोराच होता.

19 वर्षं मी हे काम करतोय आणि विरळ दाढीची तक्रार आठवड्याला दोन-तीन तरी येते. पण हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण विरळ दाढीत होऊ शकणाऱ्या जवळपास सगळ्या गोष्टी या एकाच चेहऱ्यावर होत्या. प्रत्येक मोकळ्या जागेचं कारण वेगळं होतं, त्यामुळे उपायही वेगळा निघाला.

पहिल्या दिवशी मी कात्री उचललीच नाही

तो आला तेव्हा दोनच दिवसांपूर्वी त्याने तुळतुळीत दाढी केली होती. साखरपुड्यानंतर दोन महिने तो एक दिवसाआड वस्तरा मारत होता. घोटून घोटून दाढी केली की दाट येते, असं त्याला घरच्यांनी सांगितलं होतं. वर रोज रात्री कांद्याचा रस. दोन्ही गाल लालसर झाले होते आणि हात लावला की चुरचुरत होतं.

घोटून दाढी दाट होते हे मीही लहानपणी वडिलांच्या दुकानात ऐकलंय, पण ते खरं नाही. अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या शरीररचनातज्ज्ञ बाईंनी 1928 साली काही पुरुषांच्या दाढीचे केस मोजूनमापून पाहिले होते. वस्तऱ्याने केसाची जाडीही वाढली नाही आणि वाढीचा वेगही. केस वाढतो तो कातडीखालच्या मुळातून, आणि वस्तरा तिथपर्यंत पोचतच नाही. वाढू दिलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं. वस्तरा मारला की ते छाटलं जातं आणि उरतो तो बोथट खुंट. तो हाताला राठ लागतो, डोळ्यांना जाड दिसतो, एवढंच.

दाढी कुठे दाट यायची आणि कुठे विरळ, हे त्या त्या जागेची मुळं पुरुषी संप्रेरकांना किती दाद देतात यावर ठरतं. ते घराण्यातून येतं. म्हणून मी नेहमी विचारतो की वडिलांची दाढी कशी आहे, मामाची कशी आहे. या मुलाच्या वडिलांचे गाल पंचविशीपर्यंत असेच मोकळे होते आणि नंतर भरले. गालावरची बारीक लव जाड केसांत बदलण्याचं काम अनेकांमध्ये तिशीपर्यंत चालू राहतं. त्याच्या गालाच्या वरच्या भागात अशी लव भरपूर होती. म्हणजे तिथली मुळं जिवंत होती, फक्त अजून जाड व्हायची होती. ते आपोआप होईल, पण 13 आठवड्यांत होणार नव्हतं.

त्या दिवशी त्याला दोनच गोष्टी सांगितल्या. कांदा बंद, वस्तरा बंद. तीन आठवडे चेहऱ्याला काहीही लावायचं नाही, काहीही कापायचं नाही. दाढी दिवसाला साधारण पाव ते अर्धा मिलीमीटर वाढते, महिन्याला सेंटीमीटरभर. तीन आठवड्यांत सात मिलीमीटर झाली की कुठल्या जागा खरंच मोकळ्या आहेत आणि कुठे नुसते उशिरा वाढणारे केस आहेत, हे कळतं. आठवड्याच्या दाढीवर ठरवायला गेलं की हमखास चुकतं, कारण सगळे केस एका वेगाने वाढत नाहीत.

मात्र जबड्यावरच्या गोल जागेसाठी तीन आठवडे थांबायचं नव्हतं.

गोल जागा

दाढीत नाण्यासारखी गोल मोकळी जागा दिसली की आधी चाई आहे का ते बघावं लागतं. चाईची जागा अचानक पडते, काही दिवसांत किंवा आठवड्यांत. ती गुळगुळीत असते, तिथे खपली नसते, खाज बहुधा नसते, आणि कडेचे केस मुळाशी बारीक व टोकाला जाड दिसतात. दुसरी शक्यता नायट्याची. त्यात कातडी लाल होते, पापुद्रे सुटतात, खाज येते आणि केस हलकेच ओढला तरी हातात येतो. नायट्यावर लोक मेडिकलमधून कुठलंतरी मलम आणून चोळतात. त्यात स्टिरॉइड असलं तर लाली चार दिवस दबते आणि नायटा पसरत राहतो. असा चेहरा माझ्या खुर्चीत आला तर मी मशीन लावत नाही, कारण तेच मशीन पुढच्या गिऱ्हाइकाला लागणार असतं.

या मुलाच्या मोकळ्या जागेवरून मी बोट उलटं फिरवलं. कातडी साफ होती, पण गुळगुळीत नव्हती. मधेमधे बारीक खुंट टोचत होते, एक आखूड, एक त्याहून आखूड. दोनच दिवसांपूर्वी वस्तरा फिरलेल्या गालावर सगळे खुंट सारखे असायला हवे होते. बोटाला काय लागतंय ते मला कळलं, पण निदान करणं माझं काम नाही. मी त्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

चार दिवसांनी तो परत आला. डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं होतं. चाई नाही, नायटाही नाही, केस उपटले जात होते. आधी त्याचा विश्वास बसेना. मग मी त्याला खुर्चीत बसवून मोबाईल दिला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलो. दहा मिनिटांत त्याचा डावा हात तीन वेळा जबड्यावर गेला. अंगठा आणि पहिलं बोट नेमकं त्याच जागेवर. एक राठ केस शोधायचा, पिळायचा, ओढायचा. उजव्या हातात मोबाईल, म्हणून मोकळी जागा डावीकडे.

ही सवय मी पूर्वीही पाहिली आहे. अभ्यास करणारी मुलं, रात्रपाळीवर कॉम्प्युटरसमोर बसणारी मुलं यांच्यात जास्त. केस एकदा मुळासकट उपटला की पुन्हा वर दिसायला काही आठवडे लागतात, कधी महिने. आणि तीच जागा वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर मूळ कायमचं दुबळं होऊ शकतं. आम्ही उपाय साधा केला. घरी मोबाईल बघताना डाव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी गुंडाळायची. बोट केसाला लागलं की पकड बसत नाही आणि हात तिथे गेलाय हे लक्षात येतं. त्याच्या आईला सांगून ठेवलं, दिसलं की नुसतं "हात" म्हणायचं. ज्यांना एवढ्याने थांबवता येत नाही, ज्यांचा हात भुवया आणि पापण्यांकडेही जातो, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. हा मुलगा दोन-तीन आठवड्यांत सावरला.

एकविसाव्या दिवसाचा नकाशा

तीन आठवड्यांनी तो आला तेव्हा वाढ सात मिलीमीटरच्या आसपास होती. दुसऱ्या आठवड्यात खाज सुटली होती आणि काढून टाकू का म्हणून त्याने दोनदा फोन केला होता. कापलेली टोकं कातडीला टोचतात तेव्हा तसं होतं आणि वाढ पुढे सरकली की ते थांबतं.

मी त्याला खिडकीजवळ आडव्या उजेडात बसवलं. डोक्यावरच्या ट्यूबलाईटमध्ये दाढी असते त्यापेक्षा दाट भासते. चेहरा धुऊन, पुसून, दाढी कोरडीच विंचरली आणि मग सगळीकडे बोट फिरवून केसाचं वळण पाहिलं. हात फिरवताना गुळगुळीत लागतं ती सुलट दिशा, खरखरीत लागतं ती उलट. वहीच्या कागदावर चेहरा काढून त्यावर बाण मारले. हे पाच मिनिटांचं काम आहे. विरळ दाढीत सगळा निकाल याच बाणांवर अवलंबून असतो, म्हणून ते नीट सांगतो.

गालावरचे केस वरून खाली वाढतात. म्हणजे दाढी हे कौलारू छप्पर समजा. वरचं कौल खालच्या कौलावर येतं आणि मधली फट झाकतं. मोकळ्या जागेच्या वर दाट केस असतील, तर ते वाढवले की ती जागा झाकली जाते. पण मोकळी जागा अगदी वर, गालाच्या हाडाजवळ असेल तर तिच्या वर कौलच नाही. तिथे कितीही वाढवलं तरी फट उघडीच राहणार, उलट खालचे केस लांब झाल्यावर ती जास्त डोळ्यात भरणार. एकाच चेहऱ्यावर एक जागा वाढवून झाकायची असते आणि दुसरी कापून संपवायची असते. सरसकट दाढी वाढवा असा सल्ला म्हणूनच फसतो, आणि बारीक ठेवा हाही.

या मुलाच्या नकाशावर तीन गोष्टी निघाल्या. डाव्या जबड्यावरची जागा दोन सेंटीमीटरची, तिच्या वर चांगली दाट पट्टी आणि बाण सरळ खाली. ही झाकली जाणार होती. त्यासाठी वरच्या कडेचा केस खालच्या कडेपर्यंत पोचायला हवा, म्हणजे दोन सेंटीमीटर आणि वर थोडं. दुसरी जागा गालांचा वरचा भाग. वर काही नाही, त्यामुळे तिथली रेघ खाली आणायची होती. तिसरी, मिशी आणि हनुवटीमधला रस्ता. तिथे केस येणार नव्हते, पण मिशीची टोकं वाढवून खाली-बाहेर वळवली तर रस्ता अरुंद दिसणार होता.

गळ्यावर डावीकडे भोवरा होता, केस वर जाणारे. साखरपुड्याच्या फोटोत कोणीतरी त्याची गळ्याची रेघ थेट जबड्याच्या हाडावर मारलेली दिसत होती. विरळ दाढीत याइतकं नुकसान दुसरं कशाने होत नाही. जबड्याच्या खालचे केस हा दाढीचा पाया आहे. समोरून ते दिसत नाहीत, पण जबड्याच्या कडेला जी काळी सावली हवी असते ती तेच देतात. रेघ कंठमण्याच्या वर दोन बोटं, तिथून दोन्ही कानांच्या मागपर्यंत अर्धगोल. त्याच्या वर हात लावायचा नाही. त्या दिवशी मी फक्त त्याच्या खालचे केस काढले आणि त्याला घरी पाठवला.

पस्तिसावा दिवस

पाच आठवडे झाले तेव्हा दाढी बारा मिलीमीटरवर होती. हा सगळ्यात वाईट काळ असतो. केस वळायला लागतात, कानाजवळ फुगतात, पण झाकण्याइतके लांब झालेले नसतात. घरात लग्नाच्या खरेदीची गडबड, कोणीतरी म्हणालं, जंगल वाढवलंयस, जरा नीट कर. त्याने घरच्या ट्रिमरला दोन नंबरचा गार्ड लावला आणि खालून वर सगळीकडे फिरवला.

दोन नंबर म्हणजे सहा मिलीमीटर. पण उलटं फिरवलं की केस आधी उभा राहतो आणि मग कापला जातो, त्यामुळे राहतो तो पाच. सुलट फिरवलं असतं तर काही केस गार्डखाली आडवे पडून निसटले असते आणि सात-आठ तरी उरले असते. म्हणून विरळ दाढीत पहिला हात नेहमी सुलट आणि ठरवलंय त्यापेक्षा एक नंबर मोठा घ्यायचा. कमी कापलं तर पुन्हा कापता येतं.

तो रडवेला होऊन आला. जबड्यावरची जागा परत लख्ख दिसत होती. आम्ही कागदावर हिशेब मांडला. सात मिलीमीटर गेले, म्हणजे वीस दिवसांची वाढ. लग्नाला 56 दिवस होते, त्यात साधारण 19 मिलीमीटर येणार. पाच अधिक एकोणीस, चोवीस. आपल्याला हवे होते दोन सेंटीमीटर आणि थोडे. जेमतेम, पण पुरत होतं. मी त्याला स्पष्ट सांगितलं की आता लग्नाच्या आठवड्यापर्यंत जबड्याच्या वरच्या त्या पट्टीला मी सोडून कोणी हात लावायचा नाही.

त्याच भेटीत त्याने मिनॉक्सिडिलचं विचारलं. मित्राने बाटली आणून दिली होती. हे औषध मुळात रक्तदाबासाठी निघालं, नंतर डोक्याच्या केसांसाठी वापरात आलं. दाढीवरही त्याचा अभ्यास झालाय. थायलंडमध्ये 48 पुरुषांवर 3 टक्क्यांचं द्रावण 16 आठवडे वापरून पाहिलं आणि साध्या द्रावणापेक्षा फरक दिसला, तो अभ्यास 2016 साली छापून आला. म्हणजे गुण नाही असं मी म्हणत नाही. पण आमच्या हातात आठ आठवडे उरले होते. सुरुवातीला काहींचे असलेले केसही गळतात, कातडी कोरडी पडून सोलते, काहींना धडधड होते. लग्नाच्या तोंडावर सोललेले गाल कोणाला हवेत? लग्नानंतर डॉक्टरांना विचारून ठरव, असं मी म्हटलं आणि बाटली बाजूला पडली. एक गोष्ट मात्र मी आवर्जून सांगतो. घरात मांजर असेल तर हे औषध तिच्या अंगाला किंवा तोंडाला लागता कामा नये, मांजरासाठी ते विष आहे. त्याच्या घरी दोन होत्या.

मधले सात आठवडे

या काळात रोजचं काम सकाळचं होतं, पाच मिनिटांचं. आंघोळीत कोमट पाणी. शाम्पू आठवड्यातून दोनदाच, सौम्य. रोज साबण लावला की केस राठ होऊन बाहेर उभे राहतात आणि फटी दिसतात. टॉवेलने खसाखसा न पुसता दाबून टिपायचं. दाढी ओलसर असतानाच गालावरून खाली आणि किंचित पुढे, मोकळ्या जागेवरून, ब्रशने विंचरायचं. ड्रायर असेल तर मंद गरम हवा वरून खाली, अर्धा मिनिट, मग ब्रश धरून थंड हवा. केस ओला असताना जसा बसवाल तसा वाळून बसतो. त्याचे केस किंचित कुरळे होते, त्यामुळे न विंचरता चोवीस मिलीमीटरचे अठराच दिसले असते आणि फट झाकली गेली नसती.

तेलाबद्दल त्याचा मोठा गैरसमज होता, तो बहुतेकांचा असतो. तेलाने दाढी उगवत नाही. ते केसाला मऊ करतं आणि खालच्या कातडीचा कोरडेपणा घालवतं. हा मुलगा तळहातभर खोबरेल चोळून यायचा. मी आरशासमोर त्याची अर्धी दाढी टिश्यूने टिपली, अर्धी तशीच ठेवली. तेलकट बाजूला केस एकमेकांना चिकटून त्यांच्या बटा झाल्या होत्या आणि दोन बटांच्या मधे कातडी दिसत होती. टिपलेल्या बाजूला तेच केस सुटे, पसरलेले आणि दीडपट दाट वाटत होते. दोन थेंब, तळव्यावर चोळून, आधी हनुवटीखाली आणि उरलेला हात गालावरून. पुटकुळ्या येणाऱ्यांनी खोबरेल टाळावं, ते रंध्रं बुजवतं. याला येत नव्हत्या.

स्कूटरवरून जाताना हेल्मेट घट्ट बसतं आणि गालाचे केस वर लोटले जातात. हेल्मेट काढल्यावर ब्रशचा एक हात वरून खाली, एवढं त्याने खिशात छोटा ब्रश ठेवून पाळलं. मधे दोनदा दुकानात येऊन तो फक्त गळ्याची रेघ आणि मिशीचे ओठावर येणारे केस काढून गेला. मिशीच्या टोकांना आम्ही हात लावला नाही.

लग्नाचा आठवडा

चार दिवस आधी शेवटची बैठक. जबड्यावरच्या जागेच्या वरचे केस चोवीस मिलीमीटरच्या आसपास आले होते. शिवाय खाली मोकळ्या जागेत नवे केस फुटले होते, पाच-सहा मिलीमीटरचे, विरळ, पण काळे. सवय सुटल्याचं ते फळ होतं.

आता खरं कापणं. विरळ दाढी दाट दाखवायची तर कापायचं ते दाट जागी. ऐकायला उलटं वाटतं, पण डोळा केस मोजत नाही, शेजारच्या दोन जागांमधला फरक बघतो. हनुवटी झुपकेदार आणि गाल पातळ असले की गाल आहेत त्याहून ओसाड दिसतात. हनुवटी उतरवली की तेच गाल भरलेले वाटतात. त्याची हनुवटी पंचवीसच्या वर होती, ती मी पंधरावर आणली, खालचं टोक किंचित चपटं ठेवून. कानाजवळचे कल्ले सहावर, तिथून खाली येताना नऊ, मग बारा, असं चढत. फेट्याखाली कल्ले दबतात आणि मुंडावळ्यांच्या दोऱ्या नेमक्या त्यांच्याच पुढून लोंबतात. तिथे केस फुगलेले असले तर दोरीने त्यात भांग पडतो.

मोकळ्या जागेच्या वरच्या पट्टीला मशीन नाही. कंगवा आणि कात्री. कंगव्याने केस खाली आणून, जागेच्या खालच्या कडेच्या पलीकडे जाणारी तेवढीच टोकं टिपायची, कात्री उभी धरून. आडवी कात्री मारली तर सगळी टोकं एका रेषेत येतात आणि त्या रेषेखाली पायरी दिसते. प्रत्येक दोन-तीन टोकांनंतर मी मागे सरून तीन फुटांवरून बघत होतो.

गालाची रेघ सगळ्यात नाजूक. कल्ल्याच्या खालच्या भागापासून मिशीच्या टोकाकडे मी हलका बाक दिला, त्याच्या नैसर्गिक रेघेपेक्षा दीड बोट खाली. त्याच्या वरचे तुरळक केस काढले. रेघ दोन बोटं खाली आणली असती तर सगळी दाढी जबड्यावर घसरल्यासारखी दिसली असती. ते झालं की चेहरा रुंद दिसतो आणि भरून यायला पंधरा दिवस लागतात. रेघ वस्तऱ्याने कोरायची नाही, हेही इथे महत्त्वाचं. कोरीव रेघ दाट दाढीला शोभते. विरळ दाढीत तिच्या आतले विरळ केस उघडे पडतात. मी बिनगार्डच्या ट्रिमरच्या टोकाने रेघ मारली आणि आतल्या बाजूचे अर्धा बोट केस तीन मिलीमीटरवर आणून ती विरघळवली.

रंगाची चाचणी आठवड्याआधीच केली होती, कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून 48 तास थांबून. काळ्या रंगात पीपीडी नावाचं रसायन असतं, ते काहींना सोसत नाही आणि चेहरा सुजतो. त्याला काही झालं नाही. दाढीपेक्षा एक छटा फिका, गडद तपकिरी रंग घेतला, आणि तोही फक्त रेघेच्या आतल्या लवेवर आणि मोकळ्या जागेतल्या नव्या केसांवर, पाच मिनिटं. लव असतेच, पण फिकी असल्यामुळे दिसत नाही. रंग बसला की ती मोजदादीत येते. कातडीवर थोडा डाग राहतो, तो धुऊन दोन दिवसांत जातो, म्हणून हे चार दिवस आधी. मग मी त्याचे मोबाईलवर फ्लॅश लावून दोन्ही बाजूंनी फोटो काढले. डावीकडे एका ठिकाणी पांढरा ठिपका चमकला, तिथे ब्रशचं वळण जरा पुढे घेतलं आणि ठिपका गेला. लग्नात फ्लॅश असणारच, मग आरशापेक्षा फ्लॅशचीच परीक्षा घेतलेली बरी.

हळदीची एक अडचण दरवर्षी येते. विरळ दाढीत हळद खालच्या कातडीला लागते आणि दुसऱ्या दिवशी काळ्या केसांतून पिवळे ठिपके दिसतात. ताज्या वस्तऱ्यावर तर ती चुरचुरते आणि जास्त धरते. म्हणून हळदीच्या आदल्या दिवसापासून वस्तरा बंद ठेवला आणि हळदीआधी दाढीखाली बोटांनी खोबरेल जिरवायला सांगितलं. तेवढ्या एका दिवसापुरतं तळहातभर चाललं. करवल्यांना त्याने हात जोडून गालावर कमी लावायला सांगितलं होतं. अर्थात कोणी ऐकलं नाही. पण तेलामुळे संध्याकाळी शाम्पूने बरीचशी हळद निघाली, उरलेली लग्नाच्या सकाळी बेसनाच्या पिठाने.

लग्नाच्या सकाळी सहा वाजता मी त्यांच्या घरी गेलो. गळ्याची रेघ, ओठावरचे दोन केस, ड्रायर, ब्रश. मिशीच्या टोकांना वाटाण्याएवढं मेण बोटांत मळून लावलं आणि ती खाली-बाहेर वळवली. ओठाच्या कोपऱ्याखालचा रस्ता पूर्ण बंद झाला नाही, तो होणारही नव्हता. पण दोन फुटांवरून तो सावलीसारखा दिसत होता.

चैत्रात

उन्हाळा लागल्यावर तो परत आला. उकडतंय, बारीक करायचीय म्हणाला. मोकळ्या जागेतले केस आता पंधराच्या पुढे गेले होते आणि बोटाला राठ लागत होते. डाव्या हाताची चिकटपट्टी सुटून महिना झाला होता, हात कधीमधी जातो पण लक्षात येतो, म्हणाला.

बारीक दाढीला वेगळा हिशेब लागतो. तिथे झाकायला लांबी नसते, म्हणून फरकच कमी करायचा. तीन मिलीमीटरच्या आसपास दाट आणि विरळ जागेतलं अंतर डोळ्याला कमी जाणवतं. सहा ते बारा हा टप्पा त्याच्यासाठी वाईट. फरक दिसण्याइतका लांब आणि झाकता न येण्याइतका आखूड. मी हनुवटी आणि मिशीच्या बाजू दोनवर, जबडा तीनवर, आणि गालाचा वरचा विरळ भाग चारवर ठेवला, सगळं सुलट हाताने. त्याच्या घरच्या ट्रिमरवर मिलीमीटरचे आकडे होते, तेच तीन आकडे नकाशाच्या कागदावर त्या त्या जागी लिहून दिले आणि सांगितलं, दर चार दिवसांनी, आंघोळीनंतर, दाढी पूर्ण वाळल्यावर. ओला केस लांब वाटतो आणि वाळला की आखडतो. कागदाला त्याने मोबाईलच्या कव्हरच्या मागे जागा केली आणि गेला.